नातेवाईकांकडून व्हिडिओ मागवायचा मेसेज: आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या फिल्मच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात ५० वर्षं होतायत. १४ तारखेला रविवारी सांगलीत छोटा हॉल घेतलाय आणि तिथे टीव्हीवर पंधरा-वीस मिनिटांची फिल्म दाखवायची, सगळ्या नातेवाईकांच्या मोबाईलवर शूट केलेल्या क्लिप्स जोडून. एडिटिंग मला बऱ्यापैकी येतं त्यामुळे त्याची काळजी नाही, खरं काम आहे ते चाळीसेक घरांकडून वापरता येतील अशा क्लिप्स मिळवायचं, आणि ते सगळं एका मेसेजवर अवलंबून आहे. म्हणून या नोंदी मुख्यतः त्या मेसेजच्याच आहेत. कोणी असंच काही करणार असेल तर मेसेज खाली पूर्ण दिलाय, उचला आणि नावं बदला.

आज पहिला मसुदा लिहिला. त्यात १०८०पी, ३० एफपीएस, एचडीआर बंद, एक्स्पोजर लॉक, फाईलचं नाव अमुक पद्धतीने, असं सगळं घातलं. आमच्या वहिनींना वाचायला दिला तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्या मोठ्या आत्यांना पाठवणार तुम्ही?" तरी तसाच पाठवला.

५ नोव्हेंबर

तीन दिवसांत क्लिप एकही नाही. आलेली उत्तरं: अंगठा, अंगठा, हात जोडलेले, "हो नक्की", आणि बेळगावच्या काकांकडून कॅमेऱ्याच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट, "यातलं कोणतं दाबू?" म्हणून. आत्यांनी फोन करून विचारलं की एफपीएस म्हणजे काय आणि ते दुकानात मिळतं का.

आणखी एक भानगड कळली. मेसेज मी ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवला होता, कारण फॅमिली ग्रुपवर आई-बाबा दोघंही आहेत आणि त्यांना कळू द्यायचं नव्हतं. पण ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. बाबांकडची बरीच मंडळी मला ओळखतात पण नंबर बाबांचाच ठेवतात, त्यांना काहीच गेलं नव्हतं आणि मला वाटत होतं की ते मुद्दाम उत्तर देत नाहीयेत. एक टिक राहिली की फोन बंद असेल असं आपण समजतो, इथे कारण वेगळंच निघालं. आता आई-बाबा सोडून सगळ्यांचा नवा ग्रुप केला, पोस्ट फक्त अ‍ॅडमिन करेल असं सेटिंग ठेवलं, नाहीतर मेसेज गुड मॉर्निंगच्या खाली गाडला जातो.

७ नोव्हेंबर

आज बसून शांतपणे विचार केला की कुठली गोष्ट मला लॅपटॉपवर दुरुस्त करता येते आणि कुठली कधीच येत नाही.

दुरुस्त होतं ते: सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम रेट, रंग थोडाफार, अंधार थोडाफार, लांबी, फाईलचा प्रकार, फाईलचं नाव. दुरुस्त होत नाही ते: पंख्याच्या वाऱ्यात बुडालेला आवाज, व्हॉट्सअ‍ॅपने चिरडलेलं चित्र, आणि ज्यात कोणी काही सांगतच नाही अशी क्लिप. उभा व्हिडिओ मधेच कुठेतरी येतो.

म्हणजे मेसेजात फक्त दुसऱ्या यादीतल्या गोष्टी मागायच्या. पहिल्या यादीचं ओझं नातेवाईकांवर टाकायचं नाही, ते माझं काम. एवढं ठरल्यावर मसुदा निम्म्याहून लहान झाला.

पाठवायचा मार्गही ठरवायचा होता. गुगल ड्राइव्हचं शेअर केलेलं फोल्डर करून बघितलं, दोन अडचणी आल्या. एक तर लॉगिन, अर्ध्या लोकांना स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड माहीत नसतो, फोन मुलाने सुरू करून दिलेला असतो. दुसरी जास्त वाईट: दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकलेली फाईल टाकणाऱ्याच्या कोट्यात मोजली जाते, फोल्डर ज्याचं त्याच्या नाही. धाकट्या मामांचे १५ जीबी फोटोंनीच भरलेले, त्यामुळे माझ्या ड्राइव्हमध्ये जागा असूनही त्यांना 'स्टोरेज फुल' येत होतं आणि ते मला सांगत होते की तुझं फोल्डर भरलंय.

मग गुगल फॉर्म. फॉर्मने अपलोड घेतलं तर फाईल फॉर्म करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाते, हे बरं, पण लॉगिन तिथेही लागतंच. शिवाय एका फॉर्मला एकूण १ जीबीची मर्यादा आपोआप लावलेली असते. फॉर्मच्या सेटिंगमध्ये जाऊन ती वाढवता येते, पण माहीत नसेल तर पंधरा-सोळा क्लिप्सनंतर फॉर्म गुपचूप बंद पडतो. फॉर्मची लिंक फक्त भाचेमंडळी आणि परदेशातल्यांसाठी ठेवली. बाकी सगळ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपच, कारण ते त्यांच्या हाताला बसलेलं आहे. मात्र व्हिडिओ म्हणून नाही, Document म्हणून.

९ नोव्हेंबर

Document का, हे मोठ्या मामांच्या क्लिपवरून सांगतो, कारण त्यांनी नवा मेसेज यायच्या आधीच उत्साहाने पाठवली होती.

क्लिप सुंदर होती. अंगणात उभे राहून, उजेड चांगला, आवाज खणखणीत. नेहमीसारखी गॅलरीतून व्हॉट्सअ‍ॅपवर शेअर केलेली. माझ्या फोनवर ठीक वाटली, टीव्हीला लावली तर मामांच्या चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे, मिशा कुठे संपतात आणि ओठ कुठे सुरू होतात कळेना. MediaInfo या व्हिडिओ फाईलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर ८४८ बाय ४८० आणि फाईल साधारण ६ एमबी. मामांना सांगितलं की तीच क्लिप पुन्हा पाठवा पण Document म्हणून, तर आली १९२० बाय १०८०, तीस सेकंदांचे साधारण ६५ एमबी. दहापटीचा फरक, आणि तो सगळा फरक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपने फेकून दिलेलं चित्र. ते परत आणता येत नाही, कितीही शार्प करा.

Document म्हणून २ जीबीपर्यंतची फाईल जाते आणि तिला हात लावला जात नाही. पाठवताना वर HD चं बटण असतं ते दाबलं तर साध्यापेक्षा बरं जातं, पण चित्र थोडंफार चिरडलं जातंच, म्हणून तो दुसरा पर्याय.

कोणती क्लिप मूळ आहे हे उघडायच्या आधीच नावावरून ओळखता येतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमधून गेलेल्या व्हिडिओचं नाव `VID-20251108-WA0007.mp4` असं होतं, त्यातलं ते WA बघायचं. मूळ फाईल `VID_20251108_091512.mp4` किंवा `20251108_091512.mp4` किंवा आयफोनची `IMG_2047.MOV` अशी असते. यात एक खाच आहे: काही जण मुलाने शूट करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ मला Document म्हणून पाठवतात. तेव्हा Document असूनही नावात WA असतं आणि चित्र आधीच गेलेलं असतं. मग विचारायचं, शूट कोणाच्या फोनवर केलंत, त्याच फोनवरून पाठवा.

१० नोव्हेंबर

नवा मेसेज ग्रुपवर टाकला. व्हॉट्सअ‍ॅप लांब मेसेज मधेच कापून 'पुढे वाचा' दाखवतं आणि आमच्याकडे निम्मी मंडळी ते दाबत नाहीत, म्हणून काय हवंय, कधीपर्यंत हवंय आणि कोणाला सांगायचं नाही हे तिन्ही पहिल्या चार ओळींत ठेवलं. तारांकित भाग ठळक दिसतो. पूर्ण मजकूर असा:

> *आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. प्रत्येकाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हवाय.*
> *शेवटची तारीख: रविवार २३ नोव्हेंबर.*
> *त्या दोघांना कळू द्यायचं नाही, घरच्या ग्रुपवर काही टाकू नका.*
>
> काय बोलायचं: शुभेच्छा नकोत, त्या हॉलवर प्रत्यक्ष द्या. तुम्हाला मी वेगळा एक प्रश्न पाठवतोय, त्याचंच उत्तर द्या. वाचून दाखवू नका, गप्पा मारल्यासारखं सांगा. चुकलात तर थांबू नका, पुन्हा तेच वाक्य म्हणा, मी कापतो.
>
> कसं काढायचं:
> १. फोन आडवा धरा, टीव्ही असतो तसा. आधी आडवा, मग लाल बटण.
> २. दिवसा काढा. खिडकीकडे किंवा दाराकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही.
> ३. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. कुकर लावला असेल तर शिट्टी होऊ द्या, मग सुरू करा.
> ४. घरातल्या कोणालातरी फोन धरायला सांगा, हातभर अंतरावरून. एकटे असाल तर डब्याला टेकवून ठेवा.
> ५. कॅमेऱ्याची काच आधी रुमालाने पुसा.
> ६. बटण दाबल्यावर मनात एक, दोन, तीन म्हणा आणि मग बोला. बोलून झाल्यावर पुन्हा एक, दोन, तीन आणि मग बंद करा.
>
> कसं पाठवायचं: मला वैयक्तिक, ग्रुपवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पिनेचं चिन्ह दाबा (आयफोनवर अधिकचं), *Document* निवडा आणि तिथून व्हिडिओ शोधा. गॅलरीतून थेट पाठवू नका, चेहरा धुरकट होतो. जमलं नाही तर नुसतं 'जमत नाही' लिहा, मी फोन करतो.
>
> १४ डिसेंबर होईपर्यंत फोनमधला मूळ व्हिडिओ डिलीट करू नका.

सोबत दोन गोष्टी टाकल्या. वहिनींनी काढलेला माझा एक फोटो, फोन आडवा धरलेला आणि तोंड खिडकीकडे, आणि वीस सेकंदांची नमुना क्लिप. मजकूर किती जणांनी वाचला देव जाणे, पण नमुना क्लिप सगळ्यांनी पाहिली कारण नंतर आलेल्या निम्म्या क्लिप्समध्ये लोक माझ्यासारखेच खुर्चीवर हात ठेवून बसलेले आहेत. आत्या आणि दोन्ही काकूंना हाच मजकूर मी बोलून व्हॉइस नोट म्हणून पाठवला.

११ नोव्हेंबर

प्रश्न वेगळे पाठवायचं काम दिवसभर पुरलं, पण फिल्म यानेच होणार आहे. "दोन शब्द बोला" म्हटलं की प्रत्येक जण "उदंड आयुष्य लाभो" म्हणतो आणि चाळीस वेळा उदंड आयुष्य ऐकणं म्हणजे शिक्षा. प्रश्न अगदी नेमका हवा, ज्याला फक्त त्याच माणसाकडे उत्तर आहे. आत्यांना विचारलं, लग्नाच्या पंगतीत तुम्ही वाढायला होतात ना, काय कमी पडलं होतं? बेळगावच्या काकांना, बाबांनी पहिल्या पगारातून तुम्हाला काय आणलं होतं? भाचीला, आजी तुझ्या डब्यात गुपचूप काय टाकायची?

आत्यांची क्लिप संध्याकाळीच आली. जिलबी कमी पडली होती, आणि पाहुण्यांना कळू नये म्हणून घरच्या पोरांना शेवटच्या पंगतीला बसवून "तुम्हाला गोड आवडत नाही ना रे" असं मोठ्याने विचारत वाढत गेल्या. एका चुलत भावाने "आवडतं" म्हटलं त्याला चिमटा काढला, तो चिमटा त्यांनी कॅमेऱ्यासमोर शेजारी बसलेल्या नातवाला काढून दाखवला. एक मिनिट दहा सेकंद आहे, एकही सेकंद कापणार नाही.

१५ नोव्हेंबर

आलेल्या क्लिप्स तपासल्या. मेसेजमुळे काय सुधारलं ते स्पष्ट दिसतंय. खिडकीकडे तोंड ही ओळ दोन कामं करते. उजेड येतोच, शिवाय ट्यूबलाइटचा त्रास टळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि फोन ३० फ्रेम्सने शूट करतो, तो हिशोब जुळत नाही त्यामुळे कधीकधी चित्रावर काळसर पट्टे वर-खाली सरकत राहतात. बरेच फोन ते आपोआप सांभाळतात, सगळे नाही. हे मेसेजात समजावत बसलो असतो तर कोणी वाचलं नसतं, "दिवसा काढा" एवढ्यात भागलं.

एक, दोन, तीन म्हणायची ओळ मात्र अर्ध्या लोकांनी मोठ्याने पाळली. "एक, दोन, तीन, नमस्कार!" काही हरकत नाही, कापता येतं. तो थांबा नसेल तर पहिला शब्द अर्धा जातो आणि शेवटी हात बटणाकडे येताना चेहरा दिसतो.

पंख्याची ओळ एका काकांनी वाचली नाही. जुना पंखा, फुल स्पीड, वारा सरळ फोनच्या माईकवर, सगळीकडे थप-थप. नॉइज काढायचा फिल्टर लावला तर पंखा गेला पण काका डब्यातून बोलल्यासारखे यायला लागले. पुन्हा काढायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी आली. आवाज बिघडलेली क्लिप वाचवण्यात वेळ घालवू नका, लगेच फोन करून परत मागवा, लोक आनंदाने करतात, उशीर केला की मात्र उत्साह गेलेला असतो.

१८ नोव्हेंबर

उभे व्हिडिओ. सांगूनही नऊ-दहा आलेच. बहुतेकांनी फोन आडवा केला पण रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर, आणि फोन सुरुवातीला जसा असेल तसाच पूर्ण व्हिडिओ नोंदवतो, मग चित्र आडवं पडलेलं येतं. ते सरळ फिरवून घेता येतं, म्हणजे ते खरे आडवेच निघाले. खरे उभे उरले त्यांना बाजूला धूसर पट्टे लावायचं मला आवडत नाही. त्याऐवजी तिघांना शेजारी शेजारी बसवलं. १०८० उंचीचा उभा व्हिडिओ साधारण ६०७ पिक्सल रुंद होतो, तीन म्हणजे १८२० च्या आसपास, १९२० मध्ये मधल्या फटींसकट बरोबर बसतात. एकच प्रश्न विचारलेल्या तीन भाच्या अशा ठेवल्या, एक बोलताना बाकीच्या दोघींचा फ्रेम थांबवलेला. उभ्यांसाठी पुन्हा शूट करायला कोणालाच सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर

परदेशातले. न्यू जर्सीच्या दादाची आयफोनची क्लिप आली, माझ्या टाइमलाइनवर टाकली तर चेहरा पांढराफटक आणि मागची भिंत जळलेली. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये व्हिडिओ आपोआप एचडीआरमध्ये, म्हणजे उजेडाचा जास्त मोठा पल्ला धरून, होतो आणि साध्या टाइमलाइनवर तो असा दिसतो. एडिटरमध्ये रंगाचं रूपांतर करून बऱ्यापैकी सरळ झाला. आयफोनवाले चार-पाचच होते आणि ते सेटिंग बदलू शकणारे होते, म्हणून पुढच्यांना वैयक्तिक एक ओळ पाठवली: Settings, मग Camera, मग Record Video, त्यात HDR Video बंद करा. सगळ्यांच्या मेसेजात ही ओळ अजूनही टाकणार नाही.

दुबईच्या मावसबहिणीला Document सापडेना आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, त्यामुळे स्क्रीन दाखवून समजावणं गेलं. तिने फॉर्मवरून टाकली, काम झालं. फॉर्म ठेवला ते बरं केलं.

एका चुलत भावाने चार मिनिटांचं भाषण पाठवलं. तिसऱ्या मिनिटापासून ओठ आणि आवाज वेगळे चालायला लागले. फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो, आणि काही एडिटरना ते झेपत नाही. MediaInfo मध्ये Frame rate mode समोर Variable दिसलं की समजायचं. छोट्या क्लिपमध्ये लक्षातही येत नाही, लांब असेल तर एडिटरमध्ये टाकायच्या आधी फ्रेम रेट एकसारखा करायला ffmpeg या प्रोग्रॅमची ही कमांड चालवली:

```
ffmpeg -i bhau.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -ar 48000 bhau_30.mp4
```

आता सगळ्याच क्लिप्स यातून काढतो, रात्री लावून झोपतो. भाषणातलं चाळीस सेकंद घेतलंय, भावाला अजून सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर

मुदत काल संपली. खरी गरज ३० ची होती, २३ मुद्दाम सांगितली होती. जवळपास दोन तृतीयांश आल्यात. न आलेल्यांना ग्रुपवर आठवण केली तर कोणीच हललं नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला म्हणतोय. मग एकेकाला त्याच्या प्रश्नासकट लिहिलं, "काकू, तुमच्या पंढरपूरच्या ट्रिपची गोष्ट फक्त तुम्हालाच माहितीये, ती नसेल तर फिल्ममध्ये मोठी फट पडतेय." नंतरची भर: आठवड्यात बहुतेक सगळ्या आल्या.

क्लिप आली की त्याच दिवशी लॅपटॉपवर उतरवून ठेवतोय, व्हॉट्सअ‍ॅपवर उतरवायची राहिलेली फाईल काही दिवसांनी मिळत नाही. एक्सेलच्या शीटमध्ये चारच रकाने आहेत: नाव, प्रश्न, आली का, नावात WA आहे का. दुसरी कॉपी पेन ड्राइव्हवर. खर्च आतापर्यंत फक्त त्या पेन ड्राइव्हचा आणि मोबाईल अडकवायच्या एका स्टँडचा, आणि स्टँड वापरलाच नाही.

६ डिसेंबर

फिल्म १८ मिनिटांची झाली. उशिरा येणाऱ्यांसाठी शेवटच्या फोटोआधी एक जागा मोकळी ठेवलीये, तिथे क्लिप आली की फक्त ती जोडून शेवटचा तुकडा पुन्हा एक्स्पोर्ट करायचा, पूर्ण फिल्म नाही. बडोद्याचे मामा अजून "उद्या काढतो" म्हणतायत, त्यांना सांगितलंय की ११ तारखेच्या रात्रीनंतर आली तर हॉलवर माईक हातात देईन.